फी परत मागताय? मग तारीख लिहा

काल शेजारची पोरगी अर्ज दाखवायला आली. खासगी विद्यापीठात बीएस्सीला ६०,००० भरलेत, वर्ग सुरू व्हायच्या आधीच प्रवेश रद्द करायचाय. अर्जात नुसतंच 'परिस्थिती हलाखीची आहे, सहानुभूतीने विचार व्हावा'. म्हटलं, बाळ, हे खोड.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमात हिशोब वर्ग कधी सुरू होतात यावर नाही, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेवर आहे. त्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी अर्ज दिला तर पूर्ण फी परत. कपात फार तर ५ टक्के, तीही ५,००० च्या वर नाही. हिचे २० दिवस बाकी, म्हणजे निदान ५७,००० मिळायलाच हवेत.

मग दोन्ही तारखा आणि पावती क्रमांक घातला. अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, म्हणून तारखेच्या शिक्क्याची पोच घ्यायला सांगितली.

दया कशाला? हक्काचे पैसे आहेत.