तीन सालं, एक शाळा

२० डिसेंबर
३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. आमच्या शाळेतल्या बाईंना भिंतीवर फलक लावायचाय : फुले दांपत्याची मुलींची पहिली शाळा कधी सुरू झाली आणि तिथे कोण शिकवत होतं. मला वाटलं, एका ओळीत उत्तर मिळेल. कागद काढले तर सालं निघाली तीन : १८४८, १८५१ आणि १८५४.

२२ डिसेंबर
१८५४ हे साल खुद्द जोतीरावांचं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात ते आपली शाळा सुमारे १८५४ ची सांगतात. संस्थापकाचाच शब्द, तरी तो तसाच घेता येत नाही. शाळांच्या कामाबद्दल १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे त्यांचा सत्कार झाला होता. म्हणजे शाळा त्याआधीच्या, हे उघड आहे. तीस वर्षांनी आठवून सांगितलेलं साल होतं ते, आणि म्हणून ‘सुमारे’ हा शब्द महत्त्वाचा.

२४ डिसेंबर
३ जुलै १८५१ ही तारीख मात्र पक्की. पण ती बुधवार पेठेतल्या चिपळूणकर वाड्यातल्या शाळेची. तिच्यामागे व्यवस्थापक मंडळी होती, तपासणी आणि जाहीर परीक्षा होत्या, त्यामुळे नोंदी राहिल्या. १८४८ ची भिडे वाड्यातली शाळा त्याआधीची. ती फार दिवस टिकली नाही. मंडळीचेच कागद वाचणाऱ्याला सारं १८५१ पासून सुरू झाल्यासारखं वाटतं. १८४८ चा महिना आणि दिवस यांवर मात्र एकमत नाही : १ जानेवारी साजरी होते, तर धनंजय कीरांच्या चरित्रात ऑगस्ट आहे.

२७ डिसेंबर
आज शिक्षकांची नावं पाहिली. चिपळूणकर वाड्यात सावित्रीबाई मुख्याध्यापिका, सोबत विष्णू मोरेश्वर आणि विठ्ठल भास्कर. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, आडनाव नाही. ती जुनी रीत. अंदाजानं आडनाव जोडलं की दुसऱ्याच घराण्यातला माणूस शिक्षक होऊन बसतो, तेव्हा जसं आहे तसंच लिहायचं.

फातिमा शेख यांच्या कामाला भक्कम आधार म्हणजे सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र. आजारपणामुळे त्या माहेरी होत्या. आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं त्या जोतीरावांना कळवतात. १८५६ मध्ये फातिमा कामाचा भार उचलत होत्या, हे यावरून दिसतं. कोणत्या शाळेत आणि केव्हापासून, हे त्यात नाही. त्यांना १८४८ च्या ओळीत बसवायला हे पत्र पुरत नाही.

३० डिसेंबर
बाईंना मजकूर दिला. ‘१८४८ : भिडे वाडा.’ दिवस घातला नाही. ‘३ जुलै १८५१ : चिपळूणकर वाडा’, त्याखाली तिथले तिघे शिक्षक. फातिमांची ओळ वेगळी, १८५६ च्या पत्राच्या तारखेसह. बाई म्हणाल्या, “एकच तारीख दिली असती तर मुलांना पाठ झाली असती.” मी म्हटलं, “कुठली तारीख कुठल्या शाळेची, हेच त्यांनी पाठ करावं.”