मामांचं शेत आणि माझा हिरवा नकाशा

बासरला सरस्वतीच्या दर्शनाला आपल्यातले बरेच जण जातात. माझं आजोळ तिथून जवळच. मामांचं दोन एकर सोयाबीन आहे. मी हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे पावसाळ्यात मला एक खूळ लागलं: सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं उतरवून घरबसल्या मामांचं पीक बघायचं.

हा उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी फोटो घेतो आणि ते फुकट मिळतात. एक ठिपका म्हणजे १० मीटर बाय १० मीटर जमीन, म्हणजे मामांच्या शेताचे जेमतेम ८० ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी हे गणित करायचं:

```
NDVI = (B8 - B4) / (B8 + B4)
```

B4 म्हणजे लाल प्रकाश. पानातलं हरितद्रव्य तो शोषून घेतं. B8 म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. पानाच्या आतली रचना तो परत फेकते. दाट पिकात लाल ०.०५ आणि अवरक्त ०.४५ परत आला, तर उत्तर ०.८०.

ऑगस्टमध्ये बऱ्याच ढगाळ फोटोंनंतर एक स्वच्छ फोटो मिळाला. एका कोपऱ्यात आकडा ०.५०, बाकी ०.७५ आणि ओढ्याकाठी ०.८२. मी लगेच फोन केला, "मामा, कोपऱ्यातलं पीक आजारी आहे, फवारा. ओढ्याकडचं एकदम झकास!"

मामा हसले. "अरे, तो कोपरा दुबार पेरलाय. रोपं लहान आहेत, मधे माती दिसते." मी गप्प. पण ओढ्याकडचं मीही बघून या म्हटलं नाही आणि मामाही माझ्या शब्दावर निर्धास्त राहिले. आठ-दहा दिवसांनी ते तिकडे गेले, तर सोयाबीन तणाखाली दबलेलं. त्या पट्ट्यात निम्मंच पीक हाती आलं.

तेव्हा कळलं, हा आकडा पिकाची तब्येत मोजत नाही. वरून किती हिरवं पान दिसतं, तेवढंच मोजतो. ते पान सोयाबीनचं की तणाचं, त्याला कळत नाही. पीक दाट झाल्यावर आकडा फारसा वाढतही नाही. आणि पाण्याचा ताण पडला, तर पान आधी मलूल होतं, हरितद्रव्य नंतर कमी होतं. म्हणजे ताणाची सुरुवात त्यात नीट उमटेलच असं नाही.

आता मी एका फोटोवर बोलत नाही. दोन स्वच्छ फोटो शेजारी ठेवतो. दुबार पेरलेला कोपरा कमी असला तरी चढत जातो. शेजारचं चढत असताना जो ठिपका उतरतो, तिथे काहीतरी बिघडलंय. जो शेजाऱ्यांपेक्षा भरभर चढतो, तिथे तण असू शकतं. ढगाची सावली पडली नाही ना, तेही आधी तपासतो.

मग फोन करतो. पण आता "फवारा" म्हणत नाही. म्हणतो, "मामा, आज ओढ्याकडून चक्कर मारा."