कॉल्पोस्कोपीनंतरचे काळे डाग

ब्रिस्टलच्या आमच्या घरी ते पत्र आले, तेव्हा ‘असामान्य पेशी’ हे शब्द वाचून आम्ही मायलेकींनी कर्करोगच गृहीत धरला. वस्तुतः स्मिअरमध्ये बदल दिसल्यामुळे गर्भाशयमुख भिंगातून जवळून पाहायचे, एवढाच त्या बोलावण्याचा अर्थ होता.

तपासणी सुमारे २० मिनिटांची. स्मिअरच्या वेळचेच उपकरण आत बसवले. भिंग मात्र शरीराबाहेरच राहिले. सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावताच आईला किंचित झोंबले आणि बदललेला भाग पांढरा दिसू लागला. तेथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढताना चिमटा बसावा तशी कळ आली. मग पाळीतल्यासारखे ओटीपोट दुखले. रक्त थांबवण्यासाठी सिल्व्हर नायट्रेट लावले.

दुसऱ्या दिवशी काळपट, चोथ्यासारखा स्राव पाहून आम्ही घाबरलो. तो त्या औषधाचाच रंग होता. बायोप्सीनंतर ३ ते ५ दिवस हलका रक्तस्राव होऊ शकतो. तो थांबेपर्यंत पॅडच वापरावेत. टॅम्पॉन, पोहणे आणि शरीरसंबंध टाळावेत. दुखण्यावर आईला पॅरासिटामॉल पुरले. पाळीपेक्षा अधिक रक्त, दुर्गंधी, ताप किंवा वाढती पोटदुखी असेल, तर मात्र क्लिनिकला किंवा १११ ला फोन करावा.

काही आठवड्यांनी अहवाल आला: ‘सीआयएन १’. हा कर्करोग नव्हे. हे बदल बहुधा आपोआप मावळतात. म्हणून उपचार नाहीत, वर्षाने पुन्हा स्मिअर. ती तारीख आम्ही दोघींनी दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे.