डब्याच्या बुडाचा फोटो

परवा रात्री दहाच्या सुमारास पुतण्याचा फोन आला. "काका, व्हॉट्सॲपवर फोटो टाकलाय. बाळाच्या पावडरचा डबा आहे. जरा बघता का?"

बाळ अडीच महिन्यांचं. सूनबाईचं ऑपरेशन झाल्यामुळे डॉक्टरांनी काही दिवस वरचं दूध सांगितलेलं. फोटो उघडला तर डब्याची पुढची बाजू. कंपनीचं नाव, रंगीत पट्टा, बस्स. पुढची बाजू काहीच सांगत नाही, ती सगळ्या डब्यांची सारखीच असते. मी म्हटलं, "बाबा रे, बुडाचा फोटो पाठव. प्लास्टिकचं झाकण काढून आतल्या सीलचा एक पाठव. आणि दुकानाच्या बिलाचा."

बुडाचा फोटो आला आणि मी उठून बसलो. बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख बारीक ठिपक्यांनी छापलेली होती, मशीनच्या छपाईत दिसते तशी. एक्स्पायरीची ओळ मात्र जास्त काळी, किंचित तिरकी. त्याला म्हटलं, बॅटरी समोरून नको, बाजूने धर आणि पुन्हा फोटो काढ. आडव्या उजेडात त्या ओळीखाली पत्र्याची चमक पुसल्यासारखी दिसली, आणि नव्या आकड्यामागे जुन्या आकड्याची सावली.

"सील फोडलंस का?"

"नाही. पण काका, सील तर एकदम ओके आहे."

खरंच ओके होतं. पत्र्याच्या कडेला फॉइल सगळीकडून घट्ट, कुठे सुरकुती नाही, भोक नाही, डिंकाचा डाग नाही. इथेच आपण फसतो. सील एवढंच सांगतं की कारखान्यातून निघाल्यावर डबा कुणी उघडला नाही. दुकानात तो किती दिवस पडून होता, तारीख कुणी खोडली, हे सीलला माहीत नसतं. आणि कारखान्यातच काही बिघडलं असेल तर तेही सील सांगत नाही. ते फक्त बॅच नंबरवरून कळतं.

याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. 17 फेब्रुवारी 2022 ला अ‍ॅबट कंपनीने मिशिगनमधल्या स्टर्जिस गावच्या कारखान्यातली बाळांची पावडर परत मागवली. ती पावडर घेतलेली काही बाळं क्रोनोबॅक्टर नावाच्या जंतूने आजारी पडल्याच्या तक्रारी होत्या. घराघरांत सीलबंद, चकचकीत डबे होते. मग आपला डबा त्यातला की नाही, हे आईबापांनी ओळखायचं कसं? तर बुडाचा कोड बघून. पहिले दोन आकडे 22 ते 37 मधले, कोडमध्ये K8, SH किंवा Z2 यांपैकी एक, आणि एक्स्पायरी 1 एप्रिल 2022 किंवा त्यापुढची. तिन्ही जुळलं तर डबा वापरायचा नाही.

अकरा दिवसांनी, 28 फेब्रुवारीला, कंपनीने आणखी एक बॅच परत मागवली. नंबर 27032K80. पहिले दोन आकडे 27, मध्ये K8. पण हे उत्पादन पहिल्या यादीत नव्हतं. एका बाळाचा मृत्यू झाला आणि त्याला याच बॅचची पावडर दिली होती असं कळलं, म्हणून ती यादीत आली. (आजार त्या कारखान्यातूनच आला, हे जंतूंच्या तपासणीत सिद्ध झालं नाही, हेही सांगायला हवं.) मुद्दा असा की त्या बाळाने कुठल्या बॅचची पावडर घेतली हे कळू शकलं, म्हणून बाकीच्या घरांना सावध करता आलं.

आता आपल्या घरात या. पुतण्याला विचारलं, याच्या आधीचं पाकीट कुठलं होतं? त्याच दुकानातलं, खोक्यातलं रिफिल. सासूबाईंनी घरी आणल्याबरोबर पावडर स्टीलच्या डब्यात ओतली आणि खोकं घंटागाडीत. त्या पाकिटावर असताना बाळाला दोन दिवस जुलाब झाले होते. डॉक्टरांनी विचारलं होतं, "पावडर कुठली, बॅच काय?" कुणालाच सांगता आलं नाही. बाळ बरं झालं, पण ते कशाने झालं हे आता कधीच कळणार नाही. पावडरमुळे असेल, बाटलीमुळे असेल, पाण्यामुळेही असेल. मी वीस वर्षं बातम्या लिहितोय, पण त्या पाकिटाबद्दल एक ओळही लिहू शकत नाही. पुरावा आपणच कचऱ्यात दिला.

म्हणून सांगतो, पावडर दुसऱ्या डब्यात ओतू नका. रिफिल असेल तर आतली पिशवी नीट दुमडून, चिमटा लावून त्याच खोक्यात ठेवा. फोडायच्या आधी तीन फोटो काढा: बॅच आणि तारखांची जागा, सील, बिल. पिशवीवरही बॅच छापला असेल तर तो खोक्याशी जुळतोय का बघा. पावडर संपल्यावरही ते फोटो महिनाभर काढू नका.

लेबलावर आणखी एक गोष्ट बघा. आपल्याकडे 1992 चा कायदा आहे. त्यानुसार बाळाच्या दूधपावडरच्या डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही, आणि आईचं दूधच सर्वोत्तम ही सूचना ठळक हवी. गुटगुटीत बाळ हसताना दिसलं तर तो डबा आपल्या बाजारासाठी नियमाने छापलेला नाही, एवढं नक्की.

बाटलीचंही तसंच. खोक्यावर आयएसआय खूण आणि IS 14625 हा नंबर हवा. पुतण्याकडच्या बाटलीच्या फोटोत खूण नव्हती आणि मापाच्या रेघा अर्ध्या उडालेल्या. मी त्याला दहा मिलीची सिरिंज घेऊन साठच्या रेघेपर्यंत पाणी भरायला लावलं. सहा सिरिंज पुरायला हव्या होत्या, साडेसात लागल्या. म्हणजे 75 मिली. साठ मिलीला दोन चमचे या हिशेबाने बाळाला प्रत्येक वेळी पाचव्या हिश्श्याने पातळ दूध जात होतं. बाळ सारखं रडतं म्हणून घरात दृष्ट काढून झाली होती!

फोटो काय सांगत नाही, तेही ऐका. जंतू फोटोत दिसत नाहीत. सीलबंद, ताजी पावडरसुद्धा निर्जंतुक नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी उकळून ते 70 अंशांच्या खाली जायच्या आत पावडर कालवा, मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करा. छपाई चांगली दिसली म्हणून ही पायरी सोडू नका.

त्या डब्याचं काय झालं? सकाळी पुतण्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "डबा द्या, नवीन नेऊन जा, कशाला वाढवता?" डबा परत दिला असता तर विषय तिथेच संपला असता. मी आधीच सांगून ठेवलं होतं, डबा द्यायचा नाही, पुसायचा नाही, फोडायचा नाही. पिशवीत घालून बिलासकट तो अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जमा केला आणि पोच घेतली. पुढे काय होतं ते इथेच लिहीन.

तोवर तुमच्या घरात लहान बाळ असेल आणि वरचं दूध चालू असेल, तर आज रात्री डबा उलटा करून बघा. शंका आली तर मला पुढच्या बाजूचा फोटो पाठवू नका, बुडाचा पाठवा.