गाडीच्या पोटावरचा आकडा : १:३२



सहावीला गुणोत्तर-प्रमाण शिकवताना आपण बहुधा लाडू, वह्या आणि मजूर यांची उदाहरणं घेतो. मुलं ती सोडवतातही. पण 'प्रमाण' म्हणजे नेमकं काय, हे त्यांना कळलंय की नुसती रीत पाठ आहे, हे अशा उदाहरणांतून समजत नाही. मला ते समजलं खेळण्यातल्या गाडीमुळे. वर्गात करण्यासारखा हा उपक्रम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

घरात मुलांची धातूची एखादी गाडी असेल तर ती उलटी करून बघा. चांगल्या प्रतिकृतीच्या पोटावर गाडीचं नाव आणि त्याजवळ १:१८, १:२४, १:३२, १:४३ किंवा १:६४ असं काहीतरी कोरलेलं असतं. काही ठिकाणी १/३२ असं लिहितात, अर्थ तोच. खोक्यावर '५ इंच' असं छापलेलं असतं, ते मात्र प्रमाण नव्हे; ती फक्त खेळण्याची लांबी.

मी वर्गात नेली ती फोक्सवॅगन कंपनीच्या जुन्या बीटल गाडीची प्रतिकृती. पाठ गोल, डोळे मोठे, मुलं तिला 'कासव गाडी' म्हणायला लागली. पोटावर १९६७ हे वर्ष आणि १:३२ हे प्रमाण. मी विचारलं, "खरी गाडी केवढी असेल?"

पहिला अडथळा : अधिक की गुणिले?

लांबी मोजली, १२.७ सेमी आली. एका मुलीने लगेच उत्तर दिलं, "४४.७ सेंटिमीटर, बाई." तिने १२.७ मध्ये ३२ मिळवले होते. बेरीज अगदी बरोबर होती. आणखी चारपाच जणांच्या वहीत हेच उत्तर होतं. म्हणजे ही एकटीची गडबड नव्हती. '३२ ने मोठी' हे शब्द ऐकले की मुलांच्या डोक्यात बेरीज येते, कारण '३२ ने जास्त' आणि '३२ पट' यांत आपण बोलताना फारसा फरक करत नाही.

मी चूक-बरोबर काही म्हटलं नाही. तिच्या हातात खडू दिला आणि फरशीवर ४४.७ सेमीची रेघ मारायला सांगितली. रेघ मारून ती उभी राहिली, रेघेकडे पाहिलं आणि म्हणाली, "यात तर माझी सायकलपण नाही बसायची." मग ती स्वतःच पट्टी घेऊन परत बसली.

इथे पुढचा प्रश्न विचारायचा. "गाडीवरचा १ सेमी म्हणजे खऱ्या गाडीवर किती?" ३२ सेमी. "२ सेमी?" ६४. "दरवाजा ३ सेमी असेल तर?" ९६. गाडीवरच्या प्रत्येक सेंटिमीटरच्या बदल्यात खऱ्या गाडीवर ३२ सेंटिमीटर द्यायचे आहेत, हे एकदा दिसलं की बेरीज आपोआप गळून पडते. गुणोत्तराला एकक नसतं हेही इथेच सांगता येतं. १ मिलीमीटरला ३२ मिलीमीटर, १ इंचाला ३२ इंच. दोन्हीकडे एकक एकच हवं, एवढीच अट. दशांश अपूर्णांकाची भीती असलेल्या मुलांना मी मिलीमीटरमध्येच मोजायला सांगते : १२७ × ३२ = ४०६४ मिमी, म्हणजे चार मीटरहून थोडं जास्त.

एक प्रश्न हमखास येतो : "१:६४ म्हणजे याहून मोठी गाडी ना?" नाही, उलट आहे. हीच बीटल १:६४ मध्ये केली तर जेमतेम ६.४ सेमीची होईल. आकडा मोठा तेवढं खेळणं लहान. नकाशाचं प्रमाण शिकवतानाही मुलं इथेच अडखळतात, तेव्हा दोन्ही धडे जोडून घेतले तर सोपं जातं.

दुसरा अडथळा : मोजताना

वर्गात सहा गट होते. लांबीची उत्तरं आली १२.६, १२.७ आणि एका गटाचं १३. फरक किती? फक्त ४ मिलीमीटर. पण गुणाकार केल्यावर बघा :

१२.६ × ३२ = ४०३.२ सेमी
१२.७ × ३२ = ४०६.४ सेमी
१३ × ३२ = ४१६ सेमी

चार मिलीमीटरचे जवळपास १३ सेंटिमीटर झाले! मापातली चूकसुद्धा ३२ पट होते, हे मुलांना फार आवडलं. मग आम्ही १३ कुठून आले ते शोधलं. त्या गटाने पट्टी गाडीच्या वर, टपाजवळ धरली होती आणि तिरकं बघून आकडा वाचला होता. गोल पाठीच्या गाडीची टोकं खाली बंपरजवळ असतात, पट्टी वर. मग डोळा जिथे असेल तसा आकडा बदलतो.

यावर सोपी युक्ती आहे. गाडी टेबलावर ठेवायची, पुढे आणि मागे एकेक कंपासपेटी उभी टेकवायची. गाडी हळूच काढून घ्यायची आणि दोन पेट्यांमधलं अंतर मोजायचं. रुंदीसाठीही तसंच. उंचीसाठी टपावर पट्टी आडवी ठेवून टेबलापासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं. आणि पट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असतो, ते आधी दाखवा. कडेपासून मोजलं आणि ५ मिमी चुकले, तर खरी गाडी १६ सेमीने चुकते.

अशी मापं घेतल्यावर आमचं उत्तर आलं : लांबी ४०६.४, रुंदी ४.८ × ३२ = १५३.६, उंची ४.७ × ३२ = १५०.४ सेमी. त्या बीटलची खरी मापं लांबी सुमारे ४०८, रुंदी १५४ आणि उंची १५० सेमी. म्हणजे खेळण्यावरून काढलेलं माप दोन सेंटिमीटरच्या आत बसलं. (कंपन्या रुंदी सांगताना सहसा बाजूचे आरसे धरत नाहीत. खेळण्याला आरसे असतील तर तेही सोडून मोजा.)

मग आम्ही मैदानात ४०६ बाय १५४ सेमीचा चौकोन खडूने आखला. मुलं त्यात पुढे दोन, मागे तीन अशी बसली आणि एक जण ड्रायव्हर झाला.

तिसरी गोष्ट : छापलेला आकडा खरा कशावरून?

दुसऱ्या दिवशी एक मुलगा जत्रेतून घेतलेली पांढरी अँबॅसेडर घेऊन आला. पोटावर प्रमाण काहीच नव्हतं. तो म्हणाला, "बाई, हीपण ३२ च असेल, तेवढीच आहे ना." मला हेच हवं होतं. खऱ्या अँबॅसेडरची लांबी सुमारे ४३२ सेमी, रुंदी १६६ आणि उंची १५९. आता गुणाकाराऐवजी भागाकार करायचा, खरं माप भागिले खेळण्याचं माप :

लांबी : ४३२ ÷ १२ = ३६
रुंदी : १६६ ÷ ५.२ = सुमारे ३२
उंची : १५९ ÷ ४.९ = सुमारे ३२

रुंदी-उंची म्हणतात ३२, लांबी म्हणते ३६. मुलं गोंधळली. मग एक जण ओरडला, "बाई, हिला दाबलीय!" अगदी बरोबर. गाडी पुढून-मागून आखूड केली होती. तिला कोणतंच एक प्रमाण नाही. तिच्या लांबीला ३२ ने गुणलं असतं तर ३८४ सेमी आले असते, खऱ्यापेक्षा जवळपास अर्धा मीटर कमी.

प्रमाणात असणं म्हणजे सगळ्या मापांना एकच संख्या लागू होणं. ही व्याख्या मी फळ्यावर लिहिली असती तर त्यांनी पाठ केली असती. इथे ती त्यांनी दाबलेल्या गाडीवरून ओळखली.

खेळणी अशी का करतात, यालाही कारण असतं. इंग्लंडमध्ये १९५३ साली 'मॅचबॉक्स' नावाच्या छोट्या गाड्या निघाल्या. त्या बनवणाऱ्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, त्यातून ही कल्पना निघाली असं सांगतात. पेटी ठरलेली, मग बसही तेवढी आणि मोटारही तेवढी. साहजिकच प्रत्येकीचं प्रमाण वेगळं. म्हणून एकाच पाकिटातली बस आणि कार शेजारी ठेवून कोण मोठं हे ठरवू नका, आधी प्रत्येकीचं पोट वाचा.

छापलेल्या प्रमाणाच्या गाडीतही बारीक भाग तपासा. एरियल मोजली तर १ मिमी जाड. गुणिले ३२ केलं की ३.२ सेमी, म्हणजे नळाच्या पाइपाएवढी! तेवढी बारीक केली तर ती मुलांच्या हातात मोडेल, म्हणून मुद्दाम जाड ठेवतात. तेव्हा मोठी मापं खेळण्यावरून काढावीत, बारीक भागांवर विसंबू नये.

आणि वजन?

शेवटी एकाने विचारलंच, "मग वजनपण ३२ पट?" आमची बीटल किराणा दुकानाच्या काट्यावर १५० ग्रॅम भरली. ३२ पट केलं तर ४.८ किलो. "एवढी तर मी उचलीन," तो म्हणाला.

गाडी लांबीला ३२ पट, रुंदीला ३२ पट आणि उंचीलाही ३२ पट वाढते. म्हणून आकारमान ३२ × ३२ × ३२ = ३२,७६८ पट. वजन तेवढं पट केलं तर जवळपास ४,९०० किलो येतं, आणि खरी बीटल असते साधारण ८०० किलोची. इतका फरक का? खेळण्याचा पत्रा बघा. तो दीडेक मिमी जाड असतो. ३२ पट केला तर सुमारे ५ सेमी जाडीचा पत्रा होईल, आणि खऱ्या गाडीचा पत्रा असतो १ मिमीच्या आसपास. बाहेरचा आकार प्रमाणात असतो, आतली जाडी प्रमाणात नसते. म्हणून खेळण्यावरून लांबी-रुंदी-उंची काढता येते, वजन नाही. सहावीला घनाचा हिशेब सगळ्यांना पेलत नाही. ज्यांनी विचारलं त्यांच्यापुरता ठेवा.

या उपक्रमाला दोन तासिका लागतात. साहित्य : प्रमाण छापलेली एक गाडी, न छापलेली एक, पट्टी, कंपासपेट्या, खडू आणि मोजपट्टी. दोन गाड्या नक्की न्या. पहिलीवर मुलं गुणाकार शिकतात, दुसरीवर तो गुणाकार कधी करू नये हे शिकतात. पालकांनी घरी करायचं असेल तर दारात उभ्या असलेल्या आपल्याच गाडीचं खेळणं निवडा, म्हणजे आलेलं उत्तर मोजपट्टीने लगेच पडताळता येईल. तुमच्या मुलांची मापं किती जवळ आली ते जरूर कळवा.