दोरी काठाची, फरश्या आतल्या

इथे येण्यापूर्वी मी मुंबईत चौथीच्या मुलांना गणित शिकवत असे. आता आपल्या मराठी वर्गातली मुलं शाळेचा गृहपाठही सोबत आणतात. त्यात ‘हेकेफ’ आणि ‘शेटाख’ हे दोन शब्द आले की मला माझा जुना वर्ग आठवतो, कारण मुंबईत ज्या ठिकाणी मुलं अडखळायची, तिथेच इथलीही अडखळतात. दोन्ही सूत्रं त्यांना पाठ असतात. पण “काठ लांब झाला, तर आतली जागाही वाढलीच पाहिजे ना?” असं विचारलं की जवळजवळ सगळी माना डोलावतात. खरी गाठ इथे आहे, आणि सूत्रं घोकून ती सुटत नाही.

आपले मराठी शब्द इथे मदतीला येतात. परिमिती म्हणजे सभोवतालचं माप. ‘परि’ म्हणजे भोवती. क्षेत्रफळात ‘क्षेत्र’ आहे, म्हणजे शेत, जमीन. कोकणातल्या घराची आठवण असलेल्या आजी-आजोबांना मी एवढंच सांगते : वाडीभोवतीचा गडगा ही परिमिती आणि सारवायचं अंगण हे क्षेत्रफळ. गड्याला दगड किती लागतील आणि अंगणाला शेण किती लागेल, हे दोन वेगळे हिशोब आहेत.

मुलांसाठी मी जाड पुठ्ठ्याचे ५ सेंटिमीटरचे चौरस कापते. त्यांना आम्ही फरश्या म्हणतो. सोबत एक सुती दोरी घेते. लोकर घेत नाही, कारण ती ताणली जाते आणि मूल नकळत ती हवी तिथवर ओढून नेतं.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला १२ फरश्या द्यायच्या आणि सगळ्या वापरून आयत करायला सांगायचं. फरश्यांच्या कडा पूर्ण जुळल्या पाहिजेत. कुणी एका ओळीत १२ मांडतं, कुणी ६-६ च्या दोन ओळी, कुणी ४-४ च्या तीन. मग बाहेरच्या कडांवरून बोट फिरवत मोजायचं. एका ओळीच्या आकाराला २६ कडा, दोन ओळींच्या आकाराला १६ आणि तीन ओळींच्या आकाराला १४. फरश्या तेवढ्याच, काठ मात्र २६ वरून १४ वर आला. का, ते मुलं स्वतःच शोधतात : फरश्या एकमेकींना जितक्या जास्त चिकटतात, तितक्या कडा आत लपतात. आत लपलेली कड काठात मोजली जात नाही.

इथे एक चूक हमखास होते. तीन ओळींच्या आयताचा काठ एखादं मूल १० सांगतं. त्याने कडा मोजलेल्या नसतात, काठावरच्या फरश्या मोजलेल्या असतात. कोपऱ्यातल्या फरशीच्या दोन कडा बाहेर असतात आणि त्याने ती एकदाच मोजलेली असते. कोपरे चार, म्हणून उत्तर बरोबर ४ ने कमी येतं. आयताचं उत्तर असं ४ ने कमी दिसलं की बोट कुठे फिरलं ते समजावं. अशा मुलाला परत मोजायला सांगून फार उपयोग होत नाही. त्याच्या हातात दोरी द्यावी. दोरी फरशीच्या मधून जात नाही, कडेनेच जाते.

दुसऱ्या दिवशी दोरीचा खेळ. ६-६ च्या दोन ओळी मांडून त्यांच्याभोवती दोरी बसवायची. १६ कडा, प्रत्येक ५ सेंटिमीटर, म्हणजे ८० सेंटिमीटर. दोरी ९० सेंटिमीटर कापायची, ८० वर शाईने खूण करायची आणि गाठ खुणेवर येईल अशी बांधायची. गाठीत दोरी जाते. ८० च कापली, तर ती अपुरी पडते आणि मुलाला वाटतं की गणितच चुकलं.

आता हीच बांधलेली दोरी घेऊन वेगवेगळे आयत करायचे आणि आत फरश्या भरायच्या. एका ओळीचा लांबट आयत केला, तर ७ फरश्या मावतात. दोन ओळींत १२, तीन ओळींत १५, चार ओळींत १६. दोरी सूतभरही लांब झाली नाही, तरी आतली जागा ७ वरून १६ वर गेली. काल फरश्या कायम होत्या आणि काठ बदलत होता. आज काठ कायम आहे आणि जागा बदलते आहे.

४-४ चा चौरस मी मुद्दाम शेवटी ठेवते. त्याला कडा १६ आणि फरश्याही १६. हा आकार आधी आला की मुलं म्हणतात, “बघा, दोन्ही सारखंच!” आकडा सारखा आहे, पण मोजलेली वस्तू सारखी नाही. म्हणून आमच्या वर्गात नुसता आकडा चालत नाही. ‘१६ कडा’ किंवा ‘१६ फरश्या’ असं पूर्ण बोलायचं. पुढे मापं आली की फरक आपोआप दिसतो : काठ ८० सेंटिमीटर आणि आतली जागा ४०० चौरस सेंटिमीटर.

मग याच चौरसावर शेवटची परीक्षा. कोपऱ्यातली एक फरशी उचलायची. आता काठाचं काय होईल? आधी अंदाज सांगायचा, मग दोरी बसवायची. बहुतेक मुलं म्हणतात, कमी होईल. पण दोरी बरोबर पुरते. फरशीबरोबर बाहेरच्या दोन कडा गेल्या आणि आत लपलेल्या दोन उघड्या पडल्या. ती फरशी परत ठेवून बाजूच्या मधली एक उचलायची. या वेळी बाहेरची एकच कड गेली आणि तीन उघड्या पडल्या. काठ १८ कडांचा झाला आणि दोरी १० सेंटिमीटर अपुरी पडली. जागा कमी झाली, काठ मात्र वाढला! दोरी खाचेच्या आत शिरवली आहे ना, तेवढं पाहावं. वरून सरळ ताणली, तर ती काठ सोडून जाते आणि पुरल्यासारखी वाटते.

फरश्या तिरप्या किंवा गोल आकारात नीट बसत नाहीत. म्हणून सुरुवातीला काटकोनातच राहावं. फरशीच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरपं अंतर म्हणजे एक कड नव्हे, तेही सांगून ठेवावं.

हा गोंधळ लहानांपुरताच नाही. पाचव्या शतकातल्या प्रोक्लस नावाच्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलं आहे की जमिनीच्या वाटणीत काही जण जास्त लांब काठाचा तुकडा दुसऱ्याला देत, स्वतः जास्त जागेचा घेत आणि वर प्रामाणिक म्हणवून घेत. आपल्याकडेही भावाभावांत वाटण्या झाल्या आहेत. पावलं टाकत बांधावरून फिरून आलेल्या माणसाला फक्त काठ कळतो.

मुलांनो, इथल्या जुन्या घरांत २० सेंटिमीटरच्या चौकोनी फरश्या असतात. आजीच्या घरी तशा असतील, तर जमिनीवर खडूने २० कडांचे दोन वेगळे आयत आखा, आतल्या फरश्या मोजा आणि आजीला मराठीत सांगा की परिमिती कुठली आणि क्षेत्रफळ कुठलं. सर्वांत जास्त २५ फरश्या येतात. त्या कोणत्या आयतात, ते तुम्ही शोधा.