फेब्रुवारीचे दिवस किती?

२८ की २९? वर्षाला चारने भाग गेला तर २९, नाहीतर २८. हे उत्तर आम्ही सगळेच प्राथमिक शाळेपासून देत आलो आहोत. मोरारजी देसाईंच्या बाबतीत मात्र ते चुकते.

आपले हे माजी पंतप्रधान २९ फेब्रुवारी १८९६ रोजी जन्मले. चारच्या नियमाने त्यांना पुढची २९ फेब्रुवारी १९०० साली मिळायला हवी होती. पण त्या वर्षी फेब्रुवारी २८ दिवसांचा होता. त्यांच्या जन्मतारखेला कॅलेंडरवर परत यायला १९०४ साल उजाडले, म्हणजे तब्बल आठ वर्षे लागली. १० एप्रिल १९९५ ला त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ही तारीख त्यांच्या वाट्याला २३ वेळा आली. फक्त चारचा नियम वापरला तर मोजणी २४ होते.

या वर्षी कॉम्प्युटरच्या तासाला सरांनी आम्हाला एक फंक्शन लिहायला सांगितले. त्याला वर्ष द्यायचे आणि त्याने फेब्रुवारीचे दिवस परत द्यायचे. आमच्या हाऊसच्या वाढदिवसांच्या यादीसाठी ते हवे होते. रोज सकाळी फॉल-इनच्या आधी फळ्यावर त्या दिवशीच्या वाढदिवसांची नावे लिहिली जातात, आणि आमच्यातला एक ज्युनियर २९ फेब्रुवारी २०१२ चा आहे.

लिहिण्याआधी मी नियमाचे कारण शोधले. पृथ्वीला ऋतूंचे एक चक्र पूर्ण करायला सुमारे ३६५.२४२२ दिवस लागतात. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला तर वर्ष सरासरी ३६५.२५ दिवसांचे होते, म्हणजे ०.००७८ दिवस जास्त. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण ४०० वर्षांत तो ३.१२ दिवसांवर जातो. म्हणून दर ४०० वर्षांत तीन लीप दिवस गाळतात. १७००, १८०० आणि १९०० या वर्षांचा दिवस गेला, २००० चा राहिला. १०० आणि ४०० हे आकडे नियमात आले ते असे. मग फंक्शन असे झाले:

```python
def february_days(year):
    if year % 400 == 0:
        return 29
    if year % 100 == 0:
        return 28
    if year % 4 == 0:
        return 29
    return 28
```

`%` म्हणजे भागाकारानंतरची बाकी. यात ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने चारची अट सर्वांत वर लिहिली होती. १०० ने भाग जाणाऱ्या प्रत्येक संख्येला ४ नेही भाग जातो. त्यामुळे १९०० पहिल्याच अटीत अडकले, २९ घेऊन बाहेर पडले आणि खालच्या ओळींपर्यंत पोहोचलेच नाही. जो अपवाद सर्वांत दुर्मिळ, तो सर्वांत आधी विचारायचा.

गंमत म्हणजे मित्राने २०२३, २०२४ आणि २००० तपासून पाहिले, तर तिन्ही उत्तरे बरोबर आली. २००० ला चारचा साधा नियमही बरोबर उत्तर देतो, फक्त कारण वेगळे असते. म्हणून चार वर्षे तपासावीत: २०२३, २०२४, १९०० आणि २०००. उत्तरे अनुक्रमे २८, २९, २८, २९ यायला हवीत. १०० ची अट विसरली असेल तर १९०० पकडून देते, आणि ४०० ची विसरली असेल तर २०००. आमच्या शाळेतल्या कोणीही असे चुकणारे वर्ष पाहिलेले नाही. पुढचे आहे २१००, तेव्हा मी नव्वदीत असेन.

या फंक्शनला मर्यादाही आहे. ४०० चा नियम १५८२ साली आला, त्याआधी युरोपात फक्त चारचा नियम होता. म्हणून १५०० साठी आमचे फंक्शन २८ म्हणते, पण त्या काळच्या लोकांनी त्या वर्षी २९ दिवस मोजले होते. हाऊसच्या यादीत मात्र इतका जुना कॅडेट नाही!

राहिला तो ज्युनियर. लीप नसलेल्या वर्षी त्याचे नाव २८ फेब्रुवारीला लिहायचे की १ मार्चला, हे फंक्शन सांगू शकत नाही. आम्ही त्यालाच विचारले. तो म्हणाला, "दादा, माझा महिना फेब्रुवारी आहे, मार्च नाही." मग प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: जन्मतारीख २९ फेब्रुवारी असेल, तर फंक्शन जो आकडा देईल ती तारीख धरायची. आता त्याचे नाव दरवर्षी फळ्यावर येईल, फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी.